बायोडाटा, रेझ्युमे की सीव्ही? नोकरीच्या अर्जाला कोणता कागद जोडायचा आणि तो कसा करायचा

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान एमआयडीसीच्या रस्त्याला आहे. "ताई, बायोडाटा काढायचाय" हे वाक्य मी रोज ऐकते. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला आणि पाच प्रिंट मागितल्या. फाइल उघडली तर वर गणपती, त्याखाली जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामांचं कूळ आणि सगळ्यात शेवटी 'अपेक्षा : अनुरूप'. हा कागद त्याला दुपारी एका कारखान्याच्या गेटवर फिटरच्या जागेसाठी द्यायचा होता. मी विचारलं तर म्हणाला, "त्यांनी बायोडाटाच मागितलाय." तो चुकला असं म्हणवत नाही. त्याच्या घरात बायोडाटा म्हणजे हाच कागद.

एवढी ढोबळ गफलत क्वचित होते. पण तिचीच लहान भावंडं रोज दुकानात येतात. कंपनीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या असते, प्राध्यापकाच्या जागेसाठी एका पानाचा रंगीत रेझ्युमे असतो, जिल्हा परिषदेच्या कंत्राटी भरतीला इंटरनेटवरून उतरवलेला नमुना असतो. म्हणून ही कृती क्रमाने लिहून काढते. क्रम मोडू नका. बहुतेक लोक पायरी ५ पासून सुरू करतात आणि अडतात ते पायरी २ ला.

## १. आधी तीन शब्द वेगळे करा

बायोडाटा म्हणजे माणसाची माहिती: नाव, जन्मतारीख, पत्ता, आईवडील, शिक्षण, जात-प्रवर्ग, वैवाहिक स्थिती. 'हा माणूस कोण' एवढंच हा कागद सांगतो. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच मुळाचे, फक्त नोकरीच्या कागदात पत्रिकेच्या जागी शिक्षणाचा तक्ता येतो.

रेझ्युमे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'सारांश'. एका विशिष्ट जागेसाठी तुमच्या कामाचा आणि शिक्षणाचा निवडून काढलेला सारांश, एक पान किंवा फार तर दोन. ज्याचा त्या जागेशी संबंध नाही ते त्यातून गाळायचं असतं. म्हणून दोन वेगळ्या जागांसाठी एकाच माणसाचे दोन वेगळे रेझ्युमे असू शकतात, असावेतच.

सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, लॅटिनमध्ये 'आयुष्याची वाटचाल'. यात गाळणं नसतं. शिक्षण, संशोधन, लेख, अध्यापन, परिषदा असं सगळं नोंदवत जायचं आणि पानं वाढली तर वाढू द्यायची.

घोळ होतो तो पुढे. आपल्याकडच्या खाजगी कंपन्या 'सीव्ही पाठवा' आणि 'रेझ्युमे पाठवा' ही दोन्ही वाक्यं एकाच अर्थाने वापरतात. इंग्लंडमध्ये आणि आखाती देशांत रोजच्या नोकरीच्या दोन पानी कागदालाही सीव्हीच म्हणतात. अमेरिकेत मात्र सीव्ही म्हणजे विद्यापीठ आणि संशोधनासाठीचा लांब कागद, तिथल्या बाकी नोकऱ्यांना रेझ्युमे. तेव्हा जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका. तो कागद कोण वाचणार आहे ते बघा.

## २. जाहिरात वाचा आणि वाचणारा ओळखा

जाहिरात मोबाइलवर असेल तरी प्रिंट काढा किंवा वहीत उतरवा, आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: जागेचं नाव, मागितलेली कागदपत्रं, अर्ज कुठे द्यायचा. त्यावरून कागद ठरतो.

खाजगी कंपनी, दुकान, खाजगी हॉस्पिटलचं ऑफिस, सीएचं कार्यालय, बँकेची एजन्सी यांनी तिन्हींपैकी कोणताही शब्द वापरला असो, द्यायचा तो रेझ्युमे. कारखान्याच्या गेटवरच्या पाटीवर 'बायोडाटासह भेटा' लिहिलेलं असलं तरी आत बसलेल्या माणसाला तुमचा ट्रेड, पासिंगचं वर्ष, अप्रेंटिसशिप आणि कोणत्या मशीनवर काम केलंय एवढंच बघायचं असतं.

महाविद्यालय, विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा वैद्यकीय महाविद्यालयातली शिकवण्याची जागा असेल तर खराखुरा, लांब सीव्ही.

जिल्हा परिषद, महानगरपालिका किंवा आरोग्य विभागाची कंत्राटी भरती असेल, 'थेट मुलाखत' किंवा 'विहित नमुन्यातील अर्ज' असे शब्द असतील, तर तुमच्या आवडीला तिथे जागाच नाही. जाहिरातीच्या शेवटच्या पानावर नमुना दिलेला असतो. तोच, त्याच क्रमाने, त्याच रकान्यांत भरायचा. नमुना नसेल आणि नुसतं 'बायोडाटा जोडावा' असेल, तर नोकरीचा बायोडाटा द्या. त्यात प्रवर्ग, जन्मतारीख, जाहिरातीत दिलेल्या दिनांकास असलेलं वय वर्ष-महिने-दिवसांत, आणि गुणांचा तक्ता लागतोच. इथे रेझ्युमे दिला तर छाननी करणाऱ्या कारकुनाला त्याचे रकाने भरता येत नाहीत, आणि अर्ज 'अपूर्ण' या गठ्ठ्यात जातो.

> इथे थांबा. जागा कोणत्या गटात बसते हे एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर जाहिरातीत दिलेल्या नंबरवर फोन करून विचारा: "काही ठरलेला नमुना आहे का?" हा प्रश्न विचारल्याने कुणी नापास करत नाही.

## ३. कच्ची वही तयार करा

ही पायरी सगळे वगळतात. दुकानात उभं राहून "थांबा हं, बारावीला किती होते आठवतो" असं म्हणत टाइप केलेल्या कागदात चूक राहतेच. घरी बसून, मूळ कागदपत्रं समोर ठेवून, एका वहीत सगळं उतरवा. हे कुणाला द्यायचं नाही, त्यामुळे लांबी, भाषा, सुवाच्यपणा कशाचीच चिंता नको.

सुरुवात नावापासून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा असतो, पॅनवर इंग्रजी स्पेलिंग कधी आणखी वेगळं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाची आणि अनुभवाचं पत्र सासरच्या नावाचं असतं. एक नाव ठरवा आणि रेझ्युमे, ईमेल, अर्ज सगळीकडे तेच वापरा. दुसरं नाव प्रमाणपत्रांवर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा. रेझ्युमेत ते नको, पण मुलाखतीला विचारणार.

मग शिक्षण. प्रत्येक परीक्षेचं बोर्ड किंवा विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष, आणि गुण गुणपत्रिकेवर जसे छापलेत तसेच. सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहा, सोबत '१० पैकी' असं मोजमाप. दहाने गुणून स्वतःच टक्के काढू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. टक्केवारी मागितलीच असेल तर तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राने काढा आणि ते सूत्र हाताशी ठेवा. एमएस-सीआयटी, टायपिंगच्या परीक्षा, आयटीआयचं प्रमाणपत्र हेही इथेच. टायपिंगचा वेग, मराठी ३० की इंग्रजी ४०, स्पष्ट लिहा. कारकुनी जागांना तोच आकडा बघतात.

शेवटी काम. प्रत्येक ठिकाणी लागल्याची आणि सोडल्याची तारीख अनुभव प्रमाणपत्रावरून उतरवा. आठवणीतून लिहिलेल्या तारखा हमखास दोन-तीन महिन्यांनी चुकतात, आणि पडताळणीत तेवढ्यानेही अडतं. मग प्रत्येक कामाखाली, रोज सकाळी गेल्यावर पहिलं काय करत होतात तिथपासून लिहीत जा.

## ४. बायोडाटातलं काय गाळायचं

आता धरून चालू की जागा खाजगी कंपनीची आहे, म्हणजे रेझ्युमे करायचाय. दुकानात येणारे बहुतेक जण जुना बायोडाटा घेऊन येतात आणि 'यालाच जरा चांगलं करा' म्हणतात. त्यातून आधी काढून टाकायच्या गोष्टी सांगते.

धर्म, जात, पोटजात, रक्तगट, उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, वैवाहिक स्थिती हे सगळं जातं. प्रवर्ग आरक्षण असलेल्या भरतीत लिहावाच लागतो, खाजगी जागेला त्याचा काही उपयोग नाही. उंची-वजन सुरक्षारक्षकाच्या जागेला लागतं, तिथे ठेवा. जन्मतारीख आपल्याकडच्या कंपन्यांना चालते, नसली तरी अडत नाही.

आधार आणि पॅनचा नंबर मात्र कधीही नको. रेझ्युमे किती हातांतून फिरतो याचा तुम्हाला पत्ता लागत नाही. हे नंबर नेमणूक पक्की झाल्यावर द्यायचे असतात.

'छंद : वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे' ही ओळ काढा. 'ध्येय : नामांकित संस्थेत काम करून माझा आणि संस्थेचा उत्कर्ष साधणे' हीसुद्धा. गेल्या दहा वर्षांत मी हे वाक्य एवढ्या वेळा टाइप केलंय की माझी बोटं न बघता ते मारतात. ज्याने एका सकाळी चाळीस अर्ज चाळायचेत त्याची नजर त्यावरून तशीच घसरते.

खालचं 'वरील माहिती सत्य असल्याचे मी प्रतिज्ञापूर्वक' हे प्रतिज्ञापत्र सरकारी अर्जाला हवं. कंपनीच्या रेझ्युमेत असलं तर बिघडत नाही, पण चार ओळी खातं. पान भरलं असेल तर पहिला बळी त्याचा द्या.

फोटोचं देशावर आणि जागेवर ठरतं. आखातातल्या नोकरीसाठी एजंट फोटो, राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत मागतात, तिथे द्यायचं. इंग्लंड-अमेरिकेत फोटो आणि जन्मतारीख दोन्ही टाळतात. आपल्याकडे जाहिरातीत मागितला असेल तर लावा, नाहीतर नको. आणि लावायचाच तर पासपोर्ट साइझचा काढा. लग्नातला फोटो कापून लावलेला लगेच कळतो, खांद्यावर दुसऱ्याचा हात राहतो.

> तपासा. उरलेल्या प्रत्येक ओळीला विचारा: ही ओळ वाचून समोरच्याला माझ्या कामाविषयी काही कळलं का? नसेल तर ती बायोडाटाची ओळ आहे.

## ५. अनुभव लिहा: एक उदाहरण पहिल्यापासून

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि खाऊ द्यावी. गेल्या वर्षी बी.कॉम. झालेली एक मुलगी आली होती. अडीच वर्षं एका सीएच्या कार्यालयात काम केलेलं, मग आठ महिने घरी, आता एका ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स असिस्टंटची जागा निघालेली. तिच्याकडे तीन पानी बायोडाटा होता. त्यात अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: 'सीए ऑफिसमध्ये अकाउंटचे सर्व काम'. कौशल्यांत 'टॅली, जीएसटी, एमएस ऑफिस'.

तिला स्टुलावर बसवलं आणि विचारत गेले. सर्व काम म्हणजे? "टॅलीत एन्ट्री." किती जणांच्या? "चौदा क्लायंट होते माझ्याकडे." कोण कोण? "किराणा होलसेल, दोन मेडिकल, हार्डवेअर." जीएसटीचं रिटर्न कोण भरायचं? इथे ती थांबली. "आकडे मी काढायचे. भरायचे साहेब." खरेदीचं जुळवणीचं काम? "हो, पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं २बी महिन्याच्या चौदा तारखेला येतं, ते उतरवून खरेदीच्या रजिस्टरशी एक्सेलमध्ये जुळवायचे. ज्याचं बिल दिसत नाही त्या पार्टीला फोन करायचे."

एवढ्या बोलण्यातून चार ओळी निघाल्या. कंपनीसाठी रेझ्युमे इंग्रजीत केला, इथे मराठीत सांगते:

- टॅली प्राइममध्ये १४ व्यापारी क्लायंटच्या खरेदी, विक्री, बँक आणि रोख नोंदी
- दरमहा ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ चे आणि २० च्या आत ३बी चे आकडे तयार करून सीएंना तपासणीस देणे
- जीएसटीआर-२बी आणि खरेदी रजिस्टर यांची एक्सेलमध्ये जुळवणी, न दिसणाऱ्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा
- दर महिन्याला बँक रिकन्सिलिएशन

पहिली ओळ आणि तिची जुनी ओळ शेजारी ठेवून बघा. माहिती तीच आहे. नव्या ओळीत आकडा आहे, सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव आहे आणि नेमकं काम आहे.

दुसऱ्या ओळीवर आमचा थोडा वाद झाला. तिची मैत्रीण सोबत होती, ती म्हणाली, "सरळ लिही ना, रिटर्न भरले म्हणून. कोण बघतंय?" बघतात. मुलाखतीला बसलेला अकाउंटंट हेच काम वीस वर्षं करतोय. पोर्टलवर फाइल करताना ओटीपी कुणाला यायचा, एवढं विचारलं की उलगडा होतो. 'आकडे तयार केले' हे काम असिस्टंटच्या जागेला पुरेसं आहे. त्याहून मोठं लिहिलं तर जे खरोखर येतं त्यावरही विश्वास राहत नाही.

मग आठ महिन्यांची मोकळी जागा. आईच्या आजारपणामुळे ती घरी होती. तिला सीएच्या कार्यालयाची तारीख पुढे ओढून ती जागा झाकायची होती. तसं करू नका, अनुभव पत्रावर खरी तारीख असते. एक साधी ओळ घातली: 'कौटुंबिक कारणासाठी विराम, ८ महिने'. कारण विस्ताराने लिहायची गरज नाही, विचारलं तर तोंडी सांगायचं.

क्रम असा लावला: सर्वात वर नाव, मोबाइल, ईमेल आणि फक्त गावाचं नाव, पूर्ण पत्ता नाही. खाली दोन ओळींत ती कोण आणि काय येतं. मग अनुभव, मग शिक्षण (सर्वात अलीकडची परीक्षा आधी), मग टॅली आणि एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं, शेवटी भाषा. अनुभव नसलेल्यांनी शिक्षण वर घ्यावं आणि अनुभवाच्या जागी अप्रेंटिसशिप, प्रोजेक्ट किंवा सुट्टीतलं काम लिहावं. आयटीआयच्या मुलांनी ट्रेडनंतर लगेच मशीनची नावं: लेथ, मिलिंग, व्हीएमसी. कोणत्या मशीनवर नुसतं उभं राहिलात आणि कोणतं स्वतः चालवलं, हे वेगळं लिहा.

कागद एका पानात बसला. तिने घरी नेऊन वडिलांना दाखवला, त्यांना तो फार लहान वाटला. "तीन पानांचं एक पान केलंस?" असा फोन आला मला. पण जुन्या तीन पानांत कामाची ओळ एकच होती.

> सावधान. दुसऱ्याचा रेझ्युमे उघडून नाव बदलणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी सवय. नाव बदलतं आणि खाली मित्राचा मोबाइल नंबर तसाच राहतो. कंपनीचा फोन मित्राला जातो. नमुना घ्यायचाच तर मांडणी घ्या, मजकूर कोऱ्या पानावर नव्याने टाइप करा.

## ६. खरा सीव्ही लागतो तेव्हा

महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या म्हणजे सीएचबीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांना वरचा सल्ला उलटा लागतो. इथे गाळणं ही चूक ठरते. मुलाखतीच्या समितीपुढे तुमच्या प्रत्येक दाव्याचा पुरावा मोजला जातो, त्यामुळे नोंद सुटली तर ती गोष्ट झालीच नाही असं धरतात.

क्रम असा ठेवा: शिक्षण, नेट किंवा सेट (विषय आणि उत्तीर्ण झाल्याची तारीख), पीएच.डी. असेल तर प्रबंधाचं शीर्षक, विद्यापीठ आणि पदवी जाहीर झाल्याची तारीख. चालू असेल तर 'चालू' लिहा आणि नोंदणीची तारीख द्या, 'पीएच.डी.' एवढंच लिहून सोडू नका. मग अध्यापनाचा अनुभव वर्षवार: कोणतं महाविद्यालय, कोणतं शैक्षणिक वर्ष, पदवी की पदव्युत्तर, पूर्णवेळ की तासिका, विद्यापीठाची मान्यता होती का आणि तिच्या पत्राची तारीख. हा शेवटचा तपशील लोक विसरतात. मान्यतेशिवायचा अनुभव अनेकदा धरत नाहीत, म्हणून असेल तर आवर्जून लिहावा.

लेखांच्या यादीत तीन गट करा: प्रसिद्ध झालेले, स्वीकारलेले, पाठवलेले. तिन्ही एकत्र लिहिलेली यादी पाहिली की समितीतला माणूस पहिल्या लेखाची प्रत मागतो आणि नेमका तोच 'पाठवलेला' निघतो. प्रत्येक लेखाला सर्व लेखकांची नावं छापील क्रमाने, नियतकालिक, वर्ष, पानं आणि आयएसएसएन. तुम्ही दुसरे लेखक असाल तर दुसरेच राहा. शेवटी दोन संदर्भ व्यक्ती, त्यांना आधी विचारून. पानांना क्रमांक घाला आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात आपलं नाव, कारण गठ्ठ्यात पानं सुटतात.

## ७. फाइल नीट करा

कागद चांगला झाला आणि फाइल वाईट गेली असं खूप होतं.

मराठीतला अर्ज श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून वर्डची फाइल पाठवू नका. समोरच्या कंप्युटरवर तो फॉण्ट नसेल तर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं 'मराठी' त्याला `ejkBh` असं दिसतं. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. ओळखायचं कसं? त्यातलं एक वाक्य कॉपी करून स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड.

मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळं आधी सॉफ्टवेअरने रेझ्युमे वाचतात आणि माहिती रकान्यांत टाकतात. दोन कॉलमची मांडणी, तक्त्यातला मजकूर, चित्राच्या आत लिहिलेला फोन नंबर, 'टॅली ८०%' अशा रंगीत पट्ट्या यांत ते गोंधळतं. परीक्षा सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, नंबर, काम, शिक्षण वाचता येईल अशा क्रमाने उतरलं तर ठीक. शिक्षणाची ओळ अनुभवात घुसली असेल तर मांडणी एका कॉलमची करा. काहीच सिलेक्ट होत नसेल तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. मोबाइलने कागद स्कॅन करून पाठवणाऱ्यांचं हेच होतं.

फाइलचं नाव `Resume.pdf`, `new biodata final 2.pdf` असं नको. समोरच्याच्या फोल्डरमध्ये त्या नावाच्या ढीगभर फाइली पडलेल्या असतात. असं ठेवा:

```
Naav_Aadnaav_Accounts_Assistant.pdf
```

ईमेलच्या विषयात जागेचं नाव आणि जाहिरात क्रमांक लिहा. मजकूर चार ओळींचा पुरे: कोणत्या जागेसाठी, किती अनुभव, कधीपासून रुजू होऊ शकता, फोन नंबर. कोरी मेल आणि खाली नुसती फाइल, असं पाठवू नका.

> तपासा. आधी स्वतःलाच मेल पाठवा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. रेझ्युमेतल्या नंबरवर फोन लावा. आपलाच फोन वाजला पाहिजे. हसू नका, एक आकडा चुकलेले रेझ्युमे मी स्वतः प्रिंट केलेत.

## ८. मुलाखतीला जाताना

जो रेझ्युमे पाठवला त्याच्याच दोन प्रती न्या, त्यानंतर सुधारलेला नवा नको. समोर जुनी प्रत आणि तुमच्या हातात नवी, असं झालं की प्रश्नोत्तरं तिथेच अडकतात. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स रेझ्युमेतल्या क्रमाने लावा. मूळ कागदपत्रं दाखवायला वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ती लॅमिनेट करू नका आणि कुणाच्या ताब्यात देऊन येऊ नका. सरकारी भरतीत झेरॉक्सवर स्वसाक्षांकन मागतात, म्हणून निळं पेन खिशात असू द्या.

आणि प्रिंट काढून दुकानातून निघण्याआधी कंप्युटरवाल्याला सांगून आपली फाइल डेस्कटॉपवरून आणि डाउनलोडमधून काढायला लावा. रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायला सांगा, आणि मेल उघडला असेल तर लॉगआउट झालंय का ते स्वतः बघा. मी रोज रात्री सगळं पुसते, तरी दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा इनबॉक्स सकाळी माझ्या स्क्रीनवर उघडाच असतो.